जडावाची पाठ

'कोंदणांत हिरा शोभावा तसा' असें आपण सहज बोलून जातों. परंतु कोंदण म्हणजे नेमकें काय, असें कोणीं विचारलें तर बहुतेक सुशिक्षित गृहस्थ 'खडा बसविण्याचें सोन्याचें घर' असें उत्तर देतील. तें उत्तर चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. जयपूरकडील जडिये ज्याला कुंदन म्हणतात तें घर नव्हे. तें अत्यंत शुद्ध असें सोनें होय. तें कुटून कुटून इतकें मऊ केलेलें असतें कीं, बोटाच्या दाबानेंही तें वांकतें. ह्या सोन्याच्या पट्ट्या खड्याभोंवतीं दाबून त्याला धरून ठेवणें, ही ती कला. आणि अशा दागिन्याची पाठ जेव्हां रंगीत कांचेनें, म्हणजे मीन्यानें, भरलेली असते, तेव्हां पुढें जडाव आणि मागें मीना असा दुहेरी दागिना तयार होतो. ह्या दागिन्याचें वय कसें ओळखावें, असा प्रश्न गेल्या दिवाळीच्या सुट्टींत माझ्यापुढें आला, आणि तो केवळ विद्वत्तेचा प्रश्न नव्हता.

इंदूरच्या माझ्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं एक पदक आहे. तें त्यांच्या पणजीच्या लग्नांत जयपुराहून आणविलें होतें, असें घरांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पानाच्या आकाराचें, तळहाताच्या मध्यावर मावेल एवढें तें पदक आहे. पुढच्या अंगास नऊ चपटे, पैलू न पाडलेले हिरे आहेत. मागच्या अंगास लाल भूमीवर पांढरीं फुलें व समोरासमोर बसलेले दोन हिरवे राघू आहेत. मातोश्री वारल्यावर वांटणीसाठीं तें एका सराफास दाखविलें. त्यानें पुढची बाजू न्याहाळली आणि 'हें काम तीसचाळीस वर्षांपलीकडचें नाहीं' असा निकाल दिला. हा निकाल घरांत फार कडू झाला. कारण तें पदक इतकीं वर्षें धाकट्या काकूंच्या कपाटांत होतें. पणजीचें पदक गेलें कोठें, आणि त्याच्या जागीं हें कोणीं ठेविलें, असें कोणी उघड बोललें नाहीं. परंतु काकूंनीं जेवावयास बाहेर येणें सोडलें, यावरून काय तें समजावें. माझे स्नेही मला म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, किंमत राहूं द्या. हें आमच्या पणजीचें आहे कीं नाहीं, एवढेंच सांगा."

ह्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं असा दागिना कोणत्या क्रमानें तयार होतो हें पाहिलें पाहिजे. कारण सर्व परीक्षा त्या क्रमावर उभी आहे. प्रथम घडिया सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ सांगाडा करितो व पुढच्या बाजूस प्रत्येक खड्यासाठीं घर ठेवितो. मग खोदकाम करणारा पाठीवरची नक्षी कोरतो. फुलापानांच्या जागा खोल केल्या जातात आणि त्यांच्यामधील सोन्याच्या रेषा उंच राहतात. त्यानंतर मीनाकार त्या खळग्यांत कांचेची रंगीत पूड ओली करून भरितो आणि ती भट्टींत वितळवितो. सर्व रंगांस सारखी आंच सोसत नाहीं. १८८६ सालीं जेकब व हेंडले ह्या दोघा इंग्रजांनीं जयपुरी मीन्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हा क्रम नोंदला आहे: सर्वांत अधिक आंच सोसणारा पांढरा आधीं, मग निळा, हिरवा, काळा, आणि सर्वांत नाजूक असा लाल शेवटीं. मीना झाल्यावर, घासून व झिलई देऊन पाठ पुरी झाल्यावरच, दागिना जडियाकडे जातो. तो खड्यांच्या घरांतून आंतील पोकळींत लाख भरितो, लाखेवर चकचकीत वर्ख ठेवितो, त्यावर खडा बसवितो आणि कुंदनाच्या पट्ट्या लोखंडी कलमानें खड्याच्या कांठाभोंवतीं दाबून त्याला पक्का करितो. शुद्ध सोन्यावर गंज चढत नाहीं, म्हणून त्याचे दोन स्वच्छ थर एकमेकांवर दाबले असतां अग्नीवांचूनच एकजीव होतात. हेंच कुंदनाचें रहस्य.

आतां ह्या क्रमांतील मर्म पाहावें. मीना वितळावयास सुमारें ८०० अंशांची उष्णता लागते. लाख मात्र उकळत्या पाण्याच्या उष्णतेपर्यंतही टिकत नाहीं, त्याच्या आंतच मऊ पडते. तेव्हां खडे बसलेला दागिना पुन्हां भट्टींत घालतां येत नाहीं. घातला तर लाख जळेल, वर्ख काळा पडेल आणि खडे निखळतील. उलट, पुढचे खडे काढून, नवी लाख, नवा वर्ख व नवें कुंदन घालून ते पुन्हां बसविणें हें जडियाचें नेहमींचें काम आहे. याचा अर्थ असा कीं, जडावाच्या दागिन्यास एकच वय असेल असें नाहीं. पुढची बाजू दोनदां, तीनदां नवी होऊं शकते. पाठ मात्र सर्व जडाव उतरविल्यावांचून नवी होत नाहीं, आणि इतका खटाटोप सहसा कोणी करीत नाहीं. म्हणून पुढची बाजू शेवटच्या जडियाची साक्ष देते आणि पाठ पहिल्या मीनाकाराची. सराफानें शेवटच्या साक्षीदारास विचारून पहिल्याविषयीं निकाल दिला होता.

मीं पदक उलटें करून, खिडकीशीं बसून, दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगांतून पाहिलें. पाठीवर प्रथम पाहावयाची ती लाल भूमि. जुन्या जयपुरी कामांत लाल व हिरवा हे रंग पारदर्शक असतात आणि त्यांच्या तळाशीं कारागिरानें बारीक रेघा ओढलेल्या असतात. ह्या रेघांमुळें कांच सोन्यास घट्ट धरून राहते, आणि प्रकाश तळाशीं जाऊन परत येतो तेव्हां रंगास माणकाची झाक येते. दागिना हळूहळू कलता केला कीं, ह्या रेघा एका अंगास उजळतात व दुसऱ्या अंगास विझतात. हातानें कोरलेल्या रेघांचें अंतर कधींच तंतोतंत सारखें नसतें. हलक्या प्रतीच्या अलीकडच्या कामांत नक्षी ठशानें उठविलेली असते. खळग्याचा तळ गुळगुळीत असतो किंवा त्यावरची नक्षी छापील कागदासारखी एकसारखी येते, आणि रंग अपारदर्शक, सपाट दिसतो. ह्या पदकांत लाल रंगाखालीं रेघा स्पष्ट होत्या, आणि एका राघूच्या पाठीशीं कारागिराचा हात किंचित् घसरून एक रेघ बाहेर गेली होती. दोन राघूंच्या चोंचीही सारख्या नव्हत्या. ठसा असता तर त्या सारख्या असत्या.

परंतु हातकाम म्हणजे जुनें काम नव्हे, हें विसरतां कामा नये. जयपुरांत आजही उत्तम मीनाकार हातानेंच कोरतात. तेव्हां दुसरी गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे झीज. पाठ ही अंगास लागणारी बाजू. सोनें मऊ व कांच कठीण. म्हणून पिढ्यान् पिढ्या वापरलेल्या पाठीवर सोन्याच्या रेषा आधीं झिजतात आणि मीना त्यांच्याहून केसभर वर राहतो. बोटाचें टोंक फिरविलें तर हें जाणवतें. नव्या हलक्या कामांत बहुधा उलट असतें. कांच नीट घासून सोन्याच्या पातळीस आणण्याचे श्रम वांचविलेले असतात, त्यामुळें ती खळग्यांत खोलगट बसते आणि सोन्याच्या रेषा तीक्ष्ण लागतात. झिजेवर उगाळलेले ओरखडेही बोलके असतात. वापराचे ओरखडे सर्व दिशांनीं व उंच भागांवर असतात; मुद्दाम जुनें दिसावें म्हणून घासलेल्या कामावर ते एकाच दिशेनें जातात, आणि जेथें अंग कधीं लागणारच नाहीं अशा खोलगट जागींही सांपडतात.

तिसरी गोष्ट म्हणजे टवके. मीना ही कांच असल्यामुळें ती शिंपल्याच्या आंतल्या बाजूसारखी वक्र फुटते. ताज्या टवक्याची धार तीक्ष्ण व स्वच्छ असते. जुन्या टवक्याची धार गोल होऊन त्यांत तेल, मळ व कुंकवाचा अंश मुरलेला असतो. पदकाच्या खालच्या टोंकाशीं असे दोन जुने टवके होते. एका ठिकाणीं मात्र टवका लाल रंगानें भरलेला होता. हा रंग भिंगाखालीं दुधी दिसला, त्याच्या तळाशीं एकही रेघ नव्हती, आणि कांठाशीं तो साल निघावी तसा किंचित् उचलला होता. हा मीना नव्हे. हा थंडा रंग, म्हणजे भट्टीवांचून लावलेला रोगण. खडे बसलेल्या दागिन्याची पाठ दुरुस्त करावयाची तर दुसरा उपायच नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. एक सूचना येथें करून ठेवितों. पाठीवरचा तेजस्वी पारदर्शक लाल रंग सोन्यावर आहे कीं मुलामा दिलेल्या चांदीवर, हें अवश्य पाहावें. जुन्या जयपुरी मीनाकारांस चांदीवर हिरवा, निळा, काळा हे रंग साधत. खरा लाल सोन्यावरच साधे. चांदीवर तसा लाल दिसला तर जुनेपणाची कथा सावधपणें ऐकावी.

पाठीनें इतकें सांगितल्यावर मीं पदक सुलटें केलें. येथें सराफ जें म्हणाला तें मला ताबडतोब पटलें. सात हिरे पाण्यासारखे झळकत होते. असले चपटे हिरे स्वतः फारसे चमकत नाहींत. त्यांची चमक मुख्यतः खालच्या वर्खाची असते. जुना वर्ख हातानें कुटलेल्या चांदीचा असतो, आणि खड्याखालीं तो लहानशा ताटलीसारखा बसविलेला असतो. माणकाखालीं लाल व पाचूखालीं हिरवी झाक देण्याचीही चाल होती. कालांतरानें लाख आकसते, कुंदनाला केसासारखी फट पडते, तींतून घाम व पाणी शिरतें, आणि चांदी कांठाकडून काळवंडत मध्याकडे येते. जुन्या हिऱ्याखालीं दिसणारी करडी किनार ती हीच. ह्या सात हिऱ्यांखालीं अशी किनार नव्हती, वर्ख एकसारखा पांढरा होता, आणि कुंदनाचे कांठ करकरीत होते. पण हाच पुरावा दोन्हीं बाजूंनीं फसवा आहे. नवें पदक कोंकणासारख्या दमट हवेंत वापरलें, किंवा कोणीं साबणाच्या पाण्यांत धुतलें, तर त्याचा वर्ख थोड्याच वर्षांत काळा पडतो. आणि दोनशें वर्षांच्या दागिन्यांतही काल घातलेला वर्ख आरशासारखा असतो. वर्खावरून वर्खाचें वय कळतें, दागिन्याचें नव्हे.

सराफाच्या नजरेंतून जें निसटलें तें उरलेल्या दोन हिऱ्यांत होतें. देंठाजवळच्या दोन लहान हिऱ्यांखालीं वर्ख करडा पडला होता, आणि त्यांच्या भोंवतींचें कुंदन निराळें होतें. शुद्ध सोनें मऊ असल्यामुळें वापरानें त्याचा कांठ गोल होतो. त्यावर कलमाच्या दाबाच्या ज्या बारीक खुणा असतात त्या पुसट होतात, आणि खड्यापासून भोंवतालच्या पत्र्यापर्यंत एकच मऊ उतार दिसतो. ह्या दोन घरांचा कांठ तसा होता; शेजारच्या सात घरांत कलमाच्या खुणा एकीशेजारीं एक अशा ताज्या मोजतां येत होत्या. म्हणजे एकाच पदकांत दोन काळचें जडावकाम होतें. हें पदक बदललें असतें तर नऊही घरें एका काळचीं असतीं, आणि पाठीवर पिढ्यांची झीज नसती. पदक तेंच होतें. त्याचे सात खडे केव्हां तरी पुन्हां बसविले होते.

मीं हें बोलून दाखविलें तेव्हां काकू दारांत येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "थोरल्या वन्सं बाळंतपणाला आल्या होत्या, तेव्हां तें गरम पाण्यांत पडलें होतें. खडे हलूं लागले. मामंजींनीं कोणाकडे तरी बसवून आणलें. मला वाटलें सगळ्यांना ठाऊक असेल." गरम पाणी आणि लाख! इतकें साधें कारण होतें. परंतु तें ज्यांस ठाऊक होतें ते सासरे व नणंद दोघेंही आतां हयात नव्हते, आणि काकूंस कोणीं विचारलेंच नव्हतें.

येथेंच लेख संपविला असता तर बरें वाटलें असतें. परंतु परीक्षकानें सोयीचें तेवढेंच पाहूं नये. खड्यांचीं घरें हीं मूळ सांगाड्याचा भाग असल्यामुळें तीं बदलत नाहींत. जुन्या कामांत प्रत्येक घर त्या त्या वेड्यावांकड्या हिऱ्याच्या आकारास अनुसरून केलेलें असतें, म्हणून हिऱ्याभोंवतींची कुंदनाची पट्टी साधारण सारख्या रुंदीची येते. पुन्हां बसविलेल्या सात घरांपैकीं पांचांत ती तशीच होती. दोहोंत मात्र ती एका अंगास जवळ जवळ दुप्पट रुंद होती. म्हणजे त्या घरांत आज बसलेला खडा घरापेक्षां लहान आहे, आणि उरलेली जागा कुंदनानें भरून काढली आहे. जेथें खडे बसवून आणले तेथें दोन हिरे बदलले गेले असावेत, असें मला वाटतें. तें कोणी व कां केलें हें पदक सांगूं शकत नाहीं. मूळचे हिरे त्या गरम पाण्यांतच निसटून हरवले असण्याचाही संभव आहे. मीं स्नेह्यांस दोन्ही गोष्टी सांगितल्या: पदक पणजीचें आहे, आणि त्यांतील दोन हिरे पणजीचे नाहींत.

'मग पदक नेमकें कितव्या सालचें?' असें त्यांच्या चिरंजीवानें विचारलें. येथें मोह आवरावा लागतो. परंपरा अशी सांगते कीं, अंबरच्या राजा मानसिंहानें लाहोरचे मीनाकार आपल्या राज्यांत आणून वसविले. मानसिंह १६१४ सालीं वारला, आणि जयपूर शहर सवाई जयसिंहानें १७२७ सालीं वसविलें. तेव्हांपासून लाल, हिरवा व पांढरा ह्या रंगसंगतींत राघू, मोर व फुलें सतत काढलीं जात आहेत. पुढें १८८३ सालीं जयपुरांत मोठें प्रदर्शन भरलें, १८८७ मध्यें तेथील अल्बर्ट हॉलचें संग्रहालय खुलें झालें, आणि जुने मोंगली नमुने समोर ठेवून नवें काम करण्यास उत्तेजन मिळालें. म्हणून नुसत्या नक्षीवरून 'मोंगल काळचें' म्हणणें म्हणजे ओवीछंद पाहून ज्ञानेश्वरांचा काळ ठरविण्यासारखें आहे. झीज, टवके व तळच्या रेघा ह्यांवरून ह्या पदकाची पाठ पणजीच्या लग्नाच्या काळाशीं जुळते, विसंगत नाहीं, इतकेंच मी म्हणूं शकलों. तेवढेंही व्यवहारांत लहान नाहीं. १९७२ च्या पुरावस्तूंविषयींच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षें उलटलेली कलावस्तु खासगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. तेव्हां परदेशस्थ नातलगाच्या वांट्यास तें द्यावयाचें तर हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

ज्यांच्या घरीं असे दागिने असतील त्यांनीं दोन पथ्यें पाळावींत. हे दागिने पाण्यांत, विशेषतः गरम पाण्यांत, बुडवूं नयेत. कोरड्या मऊ कापडानें पुसावेत. आणि खडा हलूं लागल्यामुळें दागिना जडियाकडे द्यावा लागला, तर देण्यापूर्वीं दोन्हीं बाजूंचीं मोठीं छायाचित्रें काढून, तारीख घालून, दागिन्याच्या पेटींत ठेवावींत. इंदूरच्या त्या घरांत अशी एक चिठ्ठी असती, तर सराफाच्या निकालास काकूंनींच उत्तर दिलें असतें.

पदक शेवटीं वांटणींतून वगळलें. तें पुन्हां धाकट्या काकूंच्याच कपाटांत ठेवावें, असें घरच्या सर्वांनीं ठरविलें. आणि त्या रात्रीं पंगतींत वाढावयास काकूच होत्या.